नकाशावर रेषा विरळ होत्या, तरी पत्रा उडाला

ज्यांना ऐकायला वेळ नसतो किंवा बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेली अडखळण काढलीय, बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा एपिसोड ही खरं तर एक दुरुस्ती आहे. हवामानाच्या नकाशावर मागे बोलताना मी एक वाक्य फेकलं होतं, "रेषा जवळ जवळ असतील तर वारा, लांब लांब असतील तर निवांत." त्यानंतर चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघणाऱ्या श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: "दादा, तुमचं ऐकून मी मे महिन्यात सकाळी नकाशा बघितला. महाराष्ट्रावर जेमतेम एक-दोन रेषा. म्हटलं आज वारा नाही, शेडवरचे पत्रे बदलून घेऊ. चार पोरं वर चढवली. साडेचारला असा वारा आला की हुक काढलेला पत्रा उडून पार्किंगमध्ये पडला. पोरं पाच मिनिटं आधी चहाला खाली उतरली होती म्हणून वाचली. मग त्या रेषांचा उपयोग काय?"

पावसाळ्याआधी शेडची डागडुजी होते, म्हणजे माणसं पत्र्यावर चढतात ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. माझं वाक्य चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. अर्ध्या वाक्यावर चार माणसं छपरावर चढली.

तर आधी रेषा म्हणजे काय ते बघू.

त्यांना समदाब रेषा म्हणतात, इंग्रजी नाव आयसोबार. ज्या ज्या ठिकाणी हवेचा दाब सारखा आहे ती ठिकाणं जोडली की ही रेषा तयार होते. दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. जुनी माणसं मिलिबार म्हणतात, आकडा तोच. समुद्रसपाटीला सरासरी १०१३. आपल्याकडच्या हवामान खात्याच्या नकाशावर या रेषा दोन-दोनच्या अंतराने काढतात: १००२, १००४, १००६ अशा. हे नकाशे काढण्याचं मोठं काम पुण्यात शिवाजीनगरला चालत आलंय. ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, तिथलं ऑफिस म्हणजे वेधशाळा. खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, पुढे दिल्लीला गेलं, चौकाला मात्र शिमलाच चिकटलं.

आता एक गंमत करा. बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. बॅरोमीटरचं एखादं ॲप टाकलं तर आकडा दिसतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तो ९४५च्या आसपास येईल. घाबरू नका, चक्रीवादळ आलेलं नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहोत आणि दर शंभर मीटरला दाब जवळपास ११ हेक्टोपास्कलने कमी होतो. चाकण त्याहूनही थोडं वर आहे, तिथे आकडा आणखी खाली. पंधरा मजली बिल्डिंगच्या लिफ्टमधून वर गेलात तरी फोनवर पाचेक हेक्टोपास्कल उतरलेले दिसतील.

म्हणून नकाशा काढण्याआधी प्रत्येक केंद्राचा आकडा समुद्रसपाटीवर आणतात. म्हणजे, "हे केंद्र समुद्रकिनाऱ्यावर असतं तर दाब किती दिसला असता" तो आकडा. हे केलं नाही तर नकाशावर हवामान दिसणार नाही, नुसता सह्याद्रीचा आकार दिसेल. आणि उभ्या दिशेतल्या फरकाने वारा का सुटत नाही? कारण वर दाब कमी असला तरी हवेला खाली ओढणारं वजन आहे. दोन्ही जवळजवळ बरोबरीत असतात. आडव्या दिशेत असं धरून ठेवणारं वजन नाही. तिथे फरक पडला की हवा हलते. लिफ्टमध्ये पाच हेक्टोपास्कलने काही होत नाही, पण तेवढाच फरक पिंपरी ते लोणावळा एवढ्या आडव्या अंतरात पडला, तर दोन्हीकडची झाडं राहणार नाहीत.

तुमच्यापैकी जे ट्रेकला जातात त्यांनी समोच्च रेषा पाहिल्या असतील. राजमाचीच्या नकाशावर त्या रेषा जिथे दाटतात तिथे कडा, जिथे पसरतात तिथे पठार. समदाब रेषांचं गणित तेच, फक्त उंचीच्या जागी दाब. रेषा दाटल्या म्हणजे थोड्या अंतरात दाब भराभर बदलतोय, हवेला ढकलणारा जोर मोठा.

पण इथे कड्याची उपमा सोडून द्यावी लागते. दगड कड्यावरून सरळ खाली येतो. हवा तशी सरळ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जात नाही. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळत जाते. वळता वळता ती अशी स्थिरावते की रेषा ओलांडण्याऐवजी रेषांच्या बाजूने वाहू लागते. जमिनीजवळ झाडं, डोंगर, इमारती तिला अडवतात, वेग कमी होतो, वळणंही कमी होतं, आणि मग ती रेषांना तिरकी छेदत कमी दाबाकडे सरकते. यातून एक सोपा नियम निघतो: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे. मोकळ्या जागेत हा नियम बऱ्यापैकी चालतो. दोन टॉवरच्या मधल्या बोळात चालत नाही, तिथे वारा फक्त बिल्डरचं ऐकतो.

आता किती रेषांना किती वारा? समजा दोन रेषांमध्ये, म्हणजे दोन हेक्टोपास्कलच्या फरकाला, २०० किलोमीटरचं अंतर आहे. आपल्या अक्षांशावर घर्षण सोडून गणित केलं तर ताशी ६५ ते ७० किलोमीटर येतात. हा जमिनीपासून बऱ्यापैकी वरचा, कागदावरचा वेग. खाली आपल्याला त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लागतो. अंतर १०० किलोमीटरवर आलं की वेग दुप्पट. हा संबंध सरळ आहे: अंतर निम्मं, वारा दुप्पट.

गंमत म्हणजे लंडनच्या अक्षांशावर त्याच दोन रेषा, तेच २०० किलोमीटर, तर उत्तर येतं ताशी २५च्या आसपास. पृथ्वीच्या फिरण्याने येणारं वळण विषुववृत्ताकडे कमी होत जातं, म्हणून तेवढ्याच दाबफरकाला आपल्याकडे जास्त वाऱ्याने तोल साधावा लागतो. युट्यूबवर युरोपचे नकाशे समजावणारे व्हिडिओ बघून आपला नकाशा वाचायला गेलं की इथेच फसायला होतं. तिकडचे नकाशे बहुतेक वेळा चार-चारच्या अंतराने रेषा काढतात, आपले दोन-दोनच्या. त्यामुळे ॲपवर रेषा दाट दिसल्या की आधी शेजारच्या दोन रेषांवरचे आकडे वाचा. झूम करून गर्दी झाल्यासारखी वाटते ती वेगळी आणि खरी गर्दी वेगळी.

आता आपल्या भागाने बघितलेली खरी गर्दी. ३ जून २०२०. लॉकडाऊन सुरू होता, आम्ही सगळे घरून काम करत होतो, आणि निसर्ग चक्रीवादळ येत होतं.

अरबी समुद्रात १ जूनला त्याचं डिप्रेशन झालं. ३ तारखेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याने सांगितलेला वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३०पर्यंत. केंद्रातला दाब सुमारे ९८४ हेक्टोपास्कल. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मग ते ईशान्येकडे सरकत घाट चढलं. मावळ, खेड, जुन्नरमध्ये घरांचे पत्रे उडाले, तळेगावकडची फुलांची पॉलिहाउसं फाटली, पिंपरी-चिंचवडमध्ये जागोजागी झाडं पडली.

आता हे रेषांच्या भाषेत वाचू. वादळाच्या बाहेर, जिथे शेवटची बंद रेषा आहे, तिथला दाब १००२ धरा. केंद्रात ९८४. फरक १८ हेक्टोपास्कलचा, म्हणजे दोन-दोनच्या हिशेबाने नऊ टप्पे. या फरकावरून वाऱ्याचा अंदाज काढायचं एक सूत्र भारतातल्या वादळांसाठी वापरलं जातं. उत्तर नॉटमध्ये येतं:

```
V = 14.2 * sqrt(1002 - 984)
```

१८चं वर्गमूळ ४.२४. त्याला १४.२ने गुणलं की ६० नॉट. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून ताशी साधारण १११ किलोमीटर. खात्याने सांगितलेल्या ११०-१२०शी हे जुळतं. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. नंतर कळलं की यात थोडी फसगत आहे. भर समुद्रात दाब मोजायला बहुतेक वेळा कुणीच नसतं. उपग्रहाच्या चित्रावरून वाऱ्याचा अंदाज करतात आणि दाबाचा आकडा अशाच सूत्राने उलटा काढतात. त्यामुळे ते जुळणारच. पण फरक वाढला की वारा कसा वाढतो ते समजायला सूत्र चांगलं आहे.

आणखी एक गोष्ट. ते नऊ टप्पे सारख्या अंतरावर नसतात. बाहेर विरळ, आत येता येता दाट. आत, केंद्रापासून समजा ४० किलोमीटरवर, हवा इतक्या वेगाने गोल फिरत असते की पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथे किरकोळ ठरतो. वळणावर बाइक बाहेर फेकली जाते तसा बाहेर जाणारा जोर आणि आत ओढणारा दाबाचा जोर, यांचा तोल चालू असतो. ताशी १११च्या वेगाला तो तोल साधायचा तर दोन हेक्टोपास्कलच्या रेषा सुमारे सात किलोमीटरवर याव्या लागतात. म्हणजे साधारण पिंपरी ते भोसरी एवढ्या अंतरात एक रेषा. मघाच्या २०० किलोमीटरशी तुलना करून बघा.

अख्ख्या भारताच्या नकाशावर सात किलोमीटर म्हणजे पेन्सिलच्या टोकाएवढंही नाही. त्या रेषा काढताच येत नाहीत. नकाशावर एक-दोन वाटोळी वेटोळी आणि मधे वादळाची खूण दिसते, बाकीची गर्दी त्या खुणेखाली गडप. म्हणून वादळाच्या दिवशी नकाशातल्या रेषा मोजत बसू नका, बुलेटिनमध्ये लिहिलेला केंद्राचा दाब आणि वेग वाचा.

पाठ करून उभं राहण्याचा नियमही त्या दिवसासाठी लावून बघा. केंद्र आपल्या नैर्ऋत्येला असेल तर वारा आग्नेयेच्या बाजूने यायला हवा. केंद्र सरकत पश्चिमेला आलं की वारा दक्षिणेकडून. वादळ चालून येतं तेव्हा वाऱ्याची दिशा अशी फिरत जाते. म्हणून सकाळी एका बाजूने शेडला पत्रे बांधून ठेवले तरी दुपारी दुसऱ्या बाजूने वारा आत घुसतो. चाकणला ज्यांनी फक्त समुद्राच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूचं शटर बंद केलं असेल, त्यांचा हिशेब इथे चुकला असणार.

किनारा ओलांडल्यावर वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही. जमीन आणि डोंगर त्याला घासतात, केंद्रात दाब भरत जातो, रेषा सैल होतात. संध्याकाळपर्यंत निसर्ग कमजोर झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डिप्रेशनवर आलं. अलिबागला जे बसलं ते आपल्याला बसलं नाही, त्याचं कारण हे.

म्हणजे निसर्गच्या दिवशी रेषा बोलत होत्या, तेही दोन दिवस आधीपासून. वाऱ्याचा हा प्रकार मोठा असतो, शेकडो किलोमीटर पसरलेला, बारा-पंधरा तास टिकणारा. जून-जुलैत कोकण किनाऱ्यासमोर रेषा दाटतात आणि आपल्याकडे दिवसचे दिवस पश्चिमेचा वारा एका सुरात वाहतो, तोही याच जातीचा. हा वारा रेषांवरून वाचता येतो.

आता श्रोत्याचा पत्रा.

१७ एप्रिल २०२३. संध्याकाळी रावेत-किवळे भागात सर्व्हिस रोडलगत लोखंडी होर्डिंग कोसळलं. अचानक सुटलेल्या वाऱ्यापावसापासून आडोसा घ्यायला माणसं त्याच्याखाली थांबली होती. पाच जण गेले. पुढच्या वर्षी १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, आणि त्याच आठवड्यात मोशीतही एक कोसळलं, तिथे सुदैवाने गाड्यांवरच निभावलं. या तीनपैकी एकाही दिवशी महाराष्ट्राच्या आसपास चक्रीवादळ नव्हतं. मोठ्या नकाशावर रेषा दाटण्याचं काही कारणच नव्हतं.

हा वळीव. आपल्या आज्यांना हे बरोबर माहीत होतं. दुपारभर उकडलं, काम करवेना, पश्चिमेला किंवा डोंगराकडे काळं दाटून आलं, की दोरीवरचे कपडे आणि वाळवणं आत घ्यायची. कारण पावसाच्या आधी वारा येतो.

तो कसा येतो? तापलेली जमीन आणि समुद्राकडून आलेली दमट हवा मिळून दुपारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्यातून पाऊस पडायला लागतो, पण एप्रिल-मेमध्ये ढगाखालची हवा कोरडी असते. थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच बरेचसे वाळतात. वाळताना ते आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेतात, घामाने अंग गार पडतं तसंच. गार हवा जड असते. ती धबधब्यासारखी खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि बादली उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी सगळीकडे पसरते. तिचं पुढचं टोक म्हणजे तो गार झोत, धूळ, कचऱ्याच्या पिशव्या आणि पत्रे घेऊन येणारा. पाऊस मागून येतो, कधी कधी येतच नाही.

इथेही दाब असतोच. कोसळलेल्या गार हवेच्या ढिगाखाली दाब एक-दोन हेक्टोपास्कलने उडी मारतो, तोही काही मिनिटांत. म्हणजे खरं बघितलं तर तिथेही रेषा दाटलेल्या असतात, फक्त त्यांची गर्दी दहा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात असते आणि तासाभरात विरून जाते. नकाशा काढतात तो ठरावीक वेळच्या नोंदींवरून, मुख्य नकाशा सकाळी साडेआठच्या. केंद्रं एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब. माझ्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल: दिवसातून मोजक्या वेळा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात अर्ध्या तासाची चोरी सापडत नाही. सकाळी साडेआठच्या नकाशात तर तो ढग अजून जन्मालाच आलेला नसतो.

त्यामुळे माझं वाक्य असं हवं होतं: रेषा दाट असतील तर वारा आहे. रेषा विरळ असतील तर एवढंच कळतं की मोठ्या पसाऱ्याचा वारा नाही. वळवाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. किंबहुना एप्रिल-मेमध्ये रेषा विरळ, वारा पडलेला आणि उकाडा जबरी, ही दुपारी ढग चढायला सोयीचीच परिस्थिती असू शकते.

फोनच्या बॅरोमीटरने हे पकडता येईल का, असंही त्याने विचारलं. चांगला प्रश्न आहे आणि त्यात एक खड्डा आहे. आपल्याकडे दाब रोज आपोआप खालीवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्री दहाला परत जास्त, पहाटे चारला परत कमी. सूर्याच्या उष्णतेने सगळ्या वातावरणात उठणारी ही लाट आहे आणि आपल्या भागात दहा ते चारच्या मधली घसरण तीन-चार हेक्टोपास्कलची असू शकते. नवशिका माणूस ॲप उघडतो, दाब सहा तासांत चारने पडलेला बघतो आणि ग्रुपवर टाकतो, "वादळ येतंय!" येत नसतं, चार वाजलेले असतात. म्हणून तुलना कायम कालच्या याच वेळेशी करायची, त्याच मजल्यावर. हवामान खातंही चोवीस तासांतला फरक बघतं, तो यासाठीच. कालच्या चारपेक्षा आजचे चार बरेच खाली असतील आणि उद्याही घसरण चालू असेल, तर काहीतरी मोठं जवळ येतंय. वळवाच्या वेळी मात्र बॅरोमीटर उडी मारतो तेव्हा वारा दारात पोचलेला असतो. तो आलेख नंतर बघायला छान, इशारा म्हणून निरुपयोगी.

मग पत्र्यावर माणसं चढवायची की नाही हे कशावरून ठरवायचं? मी त्याला जे सांगितलं ते असं. आदल्या दिवशी रेषा आणि बुलेटिन बघ, त्यातून मोठा वारा कळतो. एप्रिल-मे असेल तर रेषा कशाही असोत, छपराचं काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी एक-दोनपर्यंत माणसं खाली. दुपारनंतर नकाशा बंद कर आणि mausam.imd.gov.in वरचा नाउकास्ट बघ, तो पुढच्या तीन तासांपुरता जिल्ह्याजिल्ह्याचा इशारा असतो. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आसपास कुठे विजा पडतायत ते दाखवतं. वीज कडाडतेय म्हणजे ढग पुरता मोठा झालाय, आणि त्याचा झोत त्याच्या पुढे बरंच अंतर धावू शकतो, तुमच्या डोक्यावर अजून ऊन असताना. आणि सर्वांत महत्त्वाचं, जेवढे पत्रे त्या सत्रात परत बसतील तेवढ्यांचेच हुक सोड.

हुकांचं का म्हणालो ते सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा जोर, १२०ला दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ६८ किलो. चाळीस बाय वीस फुटांचं होर्डिंग धरलं, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर, तर ६०च्या वाऱ्यात त्यावर सव्वा टन आणि १२०च्या वाऱ्यात पाच टन. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटरचा मूळ वेग दिलाय, म्हणजे ताशी १४०. सगळे हुक जागेवर असलेली शेड त्या हिशेबाने बांधलेली असायला हवी. पण एका बाजूचे हुक काढलेला पत्रा हा शेडचा भाग राहत नाही. त्याच्या खालून हवा शिरते आणि ५०-६०चा साधा वळवाचा झोतही त्याला उचलतो. त्या श्रोत्याच्या पत्र्याचं तेच झालं असणार.

त्याचा परवा परत मेसेज आला. राहिलेलं काम त्याने सकाळी साडेसहाला सुरू करून तीन दिवसांत उरकलं. ठेकेदार कुरकुरला, कारण पोरांना पहाटे नाणेकरवाडीहून आणायला वेगळी गाडी लागली. आणि त्याने एक नवा प्रश्न टाकलाय: घाटातून येणारा वारा तळेगावला जोरात लागतो आणि आठ-दहा किलोमीटर पुढे कमी कसा होतो? त्यात रेषांचा संबंध कमी आणि डोंगराच्या खिंडींचा जास्त आहे. तो पुढच्या एपिसोडला घेऊ.